पाणी वर चढतं ती पेटी

द्वारकेच्या चौकातून पुण्याच्या बाजूला वळलं, की डाव्या हाताला टायरची तीन दुकानं लागतात. तिसऱ्या दुकानाच्या माडीवर दोन खोल्या आहेत आणि त्या खोल्यांत सव्वीस पत्र्याच्या पेट्या. एकीत भिंगं, एकीत लोहचुंबक, एकीत हाडांचा सापळा, तोही खांद्यातून निखळलेला. जिल्ह्यातल्या लहान शाळांना या पेट्या महिनाभर वापरायला मिळतात. शिक्षकांनी मोबाइलवर निरोप धाडायचा, इथून पेटी भरून टेंपोत चढायची आणि महिन्याने परत यायची. सगळा कारभार एवढाच.

निरोप बघायचं काम चैतालीकडे येऊन दोन महिने झाले होते. बी.एस्सी. झालेली, हुशार मुलगी. कामाला लागल्या लागल्या तिने पेट्यांना क्रमांक दिले, यादी छापली, शिक्षकांना पाठवायचे प्रश्न एकदाच लिहून मोबाइलमध्ये ठेवले. निरोप आला की प्रश्न धाडायचे, उत्तर आलं की पेटी काढायची. घोळ म्हणून राहिला नाही.

मग तो सोमवारचा निरोप आला.

"नमस्कार मॅडम. पाण्याची पेटी पाठवा. या. ल. भोये, करंजमाळ शाळा."

करंजमाळ म्हणजे सुरगाण्याच्या पुढचा डोंगरातला पाडा. त्या बाजूला टेंपो महिन्यातून एकदाच जायचा, आणि ती फेरी याच गुरुवारी होती. टेंपो चालवणारा अश्विन निरोप वाचून म्हणाला, "ही शाळा चुकवू नका हां. भाताची झोडणी संपली की तिथली माणसं द्राक्षांच्या कामाला खाली उतरतात, पोरांना घेऊनच. मागच्या वर्षी दिवाळीनंतरच्या दुसऱ्या फेरीला पेटी घेऊन गेलो. वर्गात पाच पोरं आणि एक शेळी."

"शेळी?"

"हजेरीत नव्हती, पण बसली होती."

चैतालीने मंगळवारी सकाळी प्रश्न धाडले. पाण्याशी संबंधित पाच पेट्या आहेत, तरी पेटी क्रमांक, इयत्ता, पाठाचे नाव, विद्यार्थी संख्या आणि अपेक्षित प्रयोग कळवावा. सोबत यादी: पाण्याचे शुद्धीकरण, बाष्पीभवन, केशाकर्षण, हवेचा दाब व पाणी, घनता. तिच्या मते यापेक्षा स्वच्छ कुणी विचारू शकलं नसतं.

दिवसभर उत्तर नाही. संध्याकाळी पर्स खांद्याला लावता लावता मोबाइल वाजला.

"पाणी वर चढते ती. मुलांना बघायची आहे. मोठी असेल तर बरे."

चैताली परत खुर्चीत बसली.

"सर, हे बघा," ती आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाली. "पाच प्रश्न विचारले. एकाचंही उत्तर नाही. पेटीचा क्रमांक नाही, इयत्ता नाही. 'मोठी असेल तर बरे.' मी काय भाजी विकतेय का?"

आत जयराम सर त्या सापळ्याचा खांदा तारेने बांधत बसले होते. चाळीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवून निवृत्त झालेला माणूस. त्यांना मोडकी वस्तू आणि न समजलेलं मूल, दोन्ही सारखीच प्रिय. चष्मा कपाळावर चढवून ते बाहेर आले.

"तू काय लिहितेयस आता?"

"लिहिलंच आहे." तिने मोबाइल पुढे केला. *सर, आपण एकाही प्रश्नाचे उत्तर दिलेले नाही. माहितीअभावी पेटी पाठवता येणार नाही. कृपया प्रश्न नीट वाचावेत.*

सरांनी वाचलं. त्यांना काही वावगं वाटलेलं दिसलं नाही. उलट त्यांनी विचारलं, "हे ते कधी वाचतील?"

"आत्ता. धाडलं की."

"नक्की?"

चैतालीने लिहिलेलं तसंच ठेवलं आणि वरचे निरोप पाहिले. सोमवारचा आला होता पाच चाळीसला. तिने मंगळवारी सकाळी दहाला धाडलेले प्रश्न त्यांच्या फोनवर पोचल्याची खूण उमटली होती पाच छत्तीसला. उत्तर पाच बेचाळीसला. तिने लगेच फोन लावून पाहिला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर.

"पाड्यावर रेंज नसते," अश्विन दारातून म्हणाला. "शाळेच्या मागे कातळ आहे, त्याच्यावर चढलं की एक काडी येते. गुरुजी शाळा सुटल्यावर चढत असतील. तिथं उभं राहून लिहायचं म्हणजे एका हातानं फोन आभाळात धरायचा."

"म्हणजे आता कातळावरून उतरले ते?"

"उतरलेच असणार."

चैतालीने मनातल्या मनात दिवस मोजले. आत्ता काहीही धाडलं तरी ते उद्या, बुधवारी पावणेसहाला वाचलं जाणार. गुरुवारी सकाळी सात वाजता टेंपो निघणार. भोये गुरुजींशी बोलायला तिच्याजवळ एकच खेप उरली होती, आणि ती आपण रागावण्यात घालवणार होतो. बरं, आपला राग वाचायला तो माणूस कातळ चढून येणार! तिचं तिलाच हसू आलं. लिहिलेलं तिने पुसलं.

"पण सर, खेप एक असली तरी विचारू काय? तेच प्रश्न परत विचारले तर तेच उत्तर येईल."

"त्यांनी काय सांगितलं नाही ते तू मला सांगितलंस," जयराम सर म्हणाले. "काय सांगितलं ते सांग."

"पाणी वर चढतं."

"झालं की. खोटं वाटतंय का तुला?"

"नाही, पण कुठलं पाणी? कशातून?"

"ते मलाही माहीत नाही," सर म्हणाले आणि त्यांच्या डोळ्यांत शाळेच्या सहलीला निघालेल्या पोराची चमक आली. "उद्या सकाळी पेट्या काढू. आपल्याकडे किती पाणी वर चढतंय बघू तरी."

बुधवारी सकाळी त्यांनी खरोखरच पेट्या काढल्या. केशाकर्षणाच्या पेटीतल्या बारीक काचनळ्या रंगीत पाण्यात उभ्या केल्या. सगळ्यांत अरुंद नळीत पाणी सगळ्यांत वर चढलं. हवेच्या दाबाच्या पेटीतली मेणबत्ती ताटलीतल्या पाण्यात उभी करून पेटवली, वर पेला पालथा घातला. ज्योत विझली आणि पाणी पेल्यात शिरून वर आलं. तिसऱ्या, यंत्रांच्या पेटीत इंजेक्शनच्या नळ्या जोडून केलेला छोटा हापसा होता. दांडा ओढला की पाणी वर. चैतालीने हे सगळं पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण तिन्ही एका टेबलावर मांडून 'यातलं कुठलं?' असं कधी पाहिलं नव्हतं.

"चौथं पण आहे," अश्विन म्हणाला. "आमच्या सोसायटीत टँकर लावला की पाणी थेट गच्चीवर जातं."

"गप रे. तीन आहेत म्हणूनच अडलंय. तिन्ही द्याव्यात तर दोन पेट्या दुसऱ्या शाळांनी आधीच मागितल्यात. फोटो काढून धाडू का? बघून सांगतील."

"त्या काडीवर फोटो उघडत नाही. गोल फिरत राहतो. कातळावरून गुरुजी पडायचे."

फोटो गेला. यादी तर गेलीच होती. चैताली टेबलावरच्या ताटलीकडे बघत बसली. पालथ्या पेल्यात विझलेल्या मेणबत्तीचा धूर अजून कोंडलेला होता. तिच्या मनात आलं, की मला कुठली पेटी हे ठाऊक नाही, आणि त्यांना तरी ते कसं ठाऊक असेल? पेट्या माझ्या आहेत. नावं मी दिलीत. मग त्यांच्याजवळ असं काय आहे, जे माझ्याजवळ नाही?

"सर," ती हळू म्हणाली, "हे पाणी त्यांनी कुठंतरी बघितलंय. नाहीतर माणूस 'वर चढते' असं लिहील कशाला? पाठाचं नाव लिहील."

जयराम सरांनी खुर्ची पुढे ओढली. असं ते वर्गात करत असणार.

तिने लिहायला घेतलं. दोनदा लांब झालं, दोनदा कापलं. शेवटी उरलं ते हे:

"नमस्कार सर. पाणी वर चढतं, हे कळलं. माझ्याकडे तशा तीन पेट्या असल्यामुळे माझंच अडलं आहे. एकच सांगा. मुलांनी पाणी वर चढताना कुठे पाहिलं? दिसलं तसं लिहा, शास्त्रातलं नाव नको. पेटी उद्या येतेच आहे. उत्तर लिहायला जमलं नाही, तर तिन्हीतलं थोडं थोडं भरून देते."

"शेवटचं वाक्य कशाला?" अश्विनने विचारलं. "जमलं नाही तरी चालेल म्हटलं की कोण लिहितं?"

"नाही लिहिलं तर निदान काहीतरी जाईल. आणि कातळावर उभं राहून घाबरत कशाला लिहायचं माणसानं?"

दुपारी तीनलाच निरोप धाडून ती दुसऱ्या कामाला लागली. म्हणजे लागायचा प्रयत्न केला. साडेपाचपासून तिचं लक्ष मोबाइलवर. पाच अडतीसला पोचल्याची खूण उमटली. मग वर 'लिहीत आहे' असं दिसू लागलं. बंद झालं. पुन्हा दिसलं. पुन्हा बंद. पाच मिनिटं, सात मिनिटं. जयराम सरही सापळा सोडून बाजूला येऊन उभे. अश्विन म्हणाला, "कादंबरी लिहितायत."

उत्तर तसं लांबच आलं.

"मॅडम, वरच्या ओहोळावर दगडी बांध आहे. तिथून पाड्यावर काळा पाइप आणला आहे. मधे टेकाड आहे. पाणी टेकाड चढून इकडे येते. मोटर नाही, वीज नाही. चौथीतला मयूर विचारतो, चढवते कोण. पुस्तकात सापडले नाही. तुमच्या यादीत कोणते नाव ते मला समजले नाही. खरे सांगायचे तर मलाच सांगता येत नाही. मुले शनिवारी खाली जातात."

तिघांनी ते दोनदा वाचलं. मग चैताली जवळजवळ ओरडलीच.

"सर! हे तर तिन्हीतही नाही!"

"नाही," जयराम सर म्हणाले, आणि इतके खूश झाले की त्यांनी टेबलावर थाप मारली. ताटली कलंडली.

वक्रनळी. नळी पाण्याने पूर्ण भरलेली हवी आणि तिचं पलीकडचं टोक अलीकडच्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली हवं. मग मधे चढ असला तरी पाणी तो ओलांडून जातं. सव्वीस पेट्यांत ती कुठेच नव्हती. चैतालीने मोबाइलमधली आपली यादी पुन्हा पाहिली. तिची यादी घेऊन भोये गुरुजींनी कितीही प्रामाणिकपणे खूण केली असती तरी ती चुकीचीच पडली असती. आणि तिन्हीतलं थोडं थोडं भरून दिलं असतं, तर मयूरला मेणबत्ती मिळाली असती.

"नळी हवी. लांब आणि आरपार दिसणारी," ती म्हणाली. "तेच म्हणत होते ते, मोठी असेल तर बरे."

"तसंच म्हणत होते, का वर्गातल्या सगळ्यांना दिसावी म्हणून मोठी म्हणत होते, हे काही माहीत नाही," सर म्हणाले.

"लांब नळी दोन्हीला चालेल."

हार्डवेअरचं दुकान खालीच, चार दुकानं सोडून. गवंडी भिंतीची पातळी बघायला पाणी भरून जी पारदर्शक नळी वापरतात, ती लेव्हलची नळी चैतालीने पंचवीस फूट घेतली, वर दुकानदाराने उरलेला एक तुकडाही दिला. खाण्याचा लाल रंग घेतला, कारण नळी तोंडाने ओढायची वेळ आली तर पोटात काही रसायन जायला नको. पेटी भरताना ती म्हणाली, "सर, उद्या मी टेंपोतून जाऊ? निरोप तुम्ही बघाल?"

"मी तेच म्हणणार होतो," जयराम सर म्हणाले. "पण म्हातारा माणूस सांगतोय म्हणून गेलीस असं नको व्हायला."

दिंडोरी, वणी सोडून टेंपो डोंगरात शिरला. वाटेत चार शाळांवर पेट्या उतरवल्या. करंजमाळला पोचायला अडीच वाजले. शाळेच्या दारात भोये गुरुजी उभे होते. पस्तिशीचे, किडकिडीत, इस्त्रीचा शर्ट. चैतालीला पाहून गोंधळलेच.

"तुम्ही स्वतः? मॅडम, मी तुम्हाला नीट लिहिलं नाही. फार त्रास झाला असेल."

"मीच नीट विचारलं नव्हतं, सर."

"नाही हो. मी बी.ए. मराठी. यादीत ते केशाकर्षण वाचलं आणि म्हटलं, आता काय लिहावं. क्रमांक चुकला तर? म्हणून आपलं मोघम लिहिलं. मोघम लिहिलं की माणूस चुकत नाही." मग ते हसले. "तुम्ही 'कुठे पाहिलं' असं विचारलंत, ते मात्र मला येत होतं."

एकवीस मुलं ओट्यावर गोळा झाली. गुरुजींनी लाल रंग घातलेल्या पाण्याची बादली बाकावर ठेवली, रिकामी खाली अंगणात. मधे दोन बाक एकावर एक रचून टेकाड केलं. चैतालीने पूर्ण नळी बादलीत बुडवून लाल पाण्याने भरली, अंगठ्याने तोंड दाबून धरलं, नळी टेकाडावरून नेली आणि खाली सोडली. लाल पाणी बाकांचा चढ चढून पलीकडे उतरलं आणि रिकाम्या बादलीत धो धो पडू लागलं. मुलं एकदम ओरडली.

"आता खालची बादली उचला," ती म्हणाली. दोघांनी उचलली. टोक जसजसं वर आलं तसतशी धार बारीक होत गेली. वरच्या बादलीतल्या पाण्याच्या पातळीला टोक आलं आणि धार थांबली.

मागे उभा असलेला एक मुलगा पुढे आला. खाकी चड्डी, गुडघ्यावर वाळलेला चिखल. तो नळीकडे बघत म्हणाला, "उतरायचं हाय म्हणून चढतं. नायतर नाय चढत."

"हा मयूर," गुरुजी म्हणाले.

चैतालीला वाटलं, झालं. तिच्या पाच प्रश्नांपेक्षा सोपं उत्तर या पोराने एका दमात दिलं होतं. पण मयूरचं समाधान झालं नव्हतं. त्याने मान हलवली.

"पण आमचं तसं नाय."

"तसं नाही म्हणजे?"

"येगळंच हाय."

"अरे, मॅडम एवढ्या लांबून आल्यात. नीट सांग ना," गुरुजी अवघडून म्हणाले. मयूर टेकाडाकडे बघू लागला.

चैताली त्याच्यासमोर उकिडवी बसली. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, की बाकांच्या टेकाडात आणि त्याच्या टेकाडात असं काय वेगळं आहे. "मला दाखवतोस?"

तो पळतच सुटला. पाइपाच्या कडेकडेने सगळी वरात टेकाडावर चढली. दम लागला, पण टेकाड फार उंच नव्हतं. दोन पुरुष उंचीचं असेल. माथ्यावर पाइपाला वर तोंड करून एक जोड बसवला होता आणि त्यात चिंधी गुंडाळलेली लाकडी खुंटी ठोकलेली. शेजारी एक बाई हंडा टेकवून उभी होती. मयूरची आई, आशा.

"पाणी तुटलंय सकाळपासून," ती गुरुजींना म्हणाली. "खालचं अन् वरचं तोंड बांधून आल्ये. आता भरत्ये."

तिने खुंटी उपटली आणि हंड्यातलं पाणी पाइपात ओतायला लागली. पाइपातून बुडबुड आवाज येत राहिला.

"हे," मयूर म्हणाला. "पाणी यायला आधी पाणी ओतावं लागतं. मग चढवतं कोण? आई?"

आशा हसली. "व्हय, मीच चढवत्ये."

चैतालीला उत्तर माहीत होतं. ते तिने गिळलं आणि खिशातून दुकानदाराने दिलेला नळीचा चार हात लांब तुकडा काढला. "तुझ्या आईच्या हंड्यात बुडवून भर. पण पूर्ण भरू नकोस. मधे थोडी हवा राहू दे."

मयूरने भरली, दगडावरून घातली, टोक खाली सोडलं. पाण्याचे दोनचार थेंब ओघळले आणि थांबले. हवेचा बुडबुडा नळीच्या अगदी माथ्यावर जाऊन बसला. एका बाजूचं पाणी इकडे, दुसऱ्या बाजूचं तिकडे. मयूर नाक नळीला लावून बघत राहिला. मग त्याने नळी पुन्हा हंड्यात बुडवली, या खेपेला बुडबुड थांबेपर्यंत आत धरली, आणि पुन्हा दगडावरून घातली. धार लागली.

"आई वारा काढती," तो म्हणाला. "पाणी पाण्याला धरून येतं. मधी वारा घुसला की हात सुटतो."

भोये गुरुजींनी खिशातून वही काढून ते जसंच्या तसं लिहून घेतलं.

आशाने खुंटी ठोकली. दोन पोरं खालचं तोंड सोडायला पळाली, दोन वरचं. थोड्या वेळाने पाड्यावरून कुणीतरी हाळी दिली, की आलं.

खाली अश्विन हॉर्न वाजवत होता. उजेडात घाट उतरायचा होता. पेटी गुरुजींच्या ताब्यात देऊन चैताली टेंपोत बसली, तेव्हा मयूर खिडकीशी आला. पंचवीस फुटी नळी त्याने गळ्यात गुंडाळली होती.

"परवा आम्ही खाली जातो. द्राक्षावर. तिथं मोठी शेततळी हायेत," तो म्हणाला. "ही नेऊ?"

"मयूर! पेटीतलं सामान महिन्यानं परत द्यायचं असतं," गुरुजी म्हणाले.

चैतालीने विचार केला. नळी अजून सामानाच्या वहीत चढवलेली नव्हती. "ने," ती म्हणाली. "पण तळ्याच्या काठाशी एकटा जायचं नाही. बादल्या घेऊन कर. आणि तिथं काय दिसलं ते गुरुजींना सांगायचं."

"काय सांगू?"

"दिसेल ते."

त्याने मान डोलावली, आणि कुणी नळी गळ्यातून काढून घ्यायच्या आत तो आईकडे पळाला.